दहा उच्चारांत मावणारं शिवार

'गावाची बातमी, गावाच्या कानी.'

नव्या सामुदायिक रेडिओ केंद्राची टॅगलाइन ठरवायला माणसं एकत्र बसली की हे किंवा याच्या जवळपासचं वाक्य लवकरच फळ्यावर येतं. त्याला ठेका आहे, ते लहान आहे, आणि मनातली इच्छाही त्यात नेमकी उतरली आहे. गावात काय घडतंय ते गावाला सर्वांत आधी आणि गावाकडूनच कळावं, यासाठी तर हा सारा खटाटोप. पण हे वाक्य वापरता येत नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामुदायिक रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडींवरचे स्वतःचे कार्यक्रम प्रसारित करता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवता येतात, तेवढंच. म्हणजे ज्या केंद्राला स्थानिक बातमीचा मान वाढवायचा आहे, त्याला 'बातमी' हा शब्द बाजूला ठेवूनच स्वतःची ओळख करून द्यावी लागते.

ही अडचण खरी आहे, आणि माझ्या मते ती टॅगलाइनच्या फायद्याचीही आहे. कारण त्याच नियमांत बातमी न मानल्या जाणाऱ्या गोष्टींची एक यादी आहे. स्थानिक खेळ, हवामान आणि रस्त्यावरची वाहतूक, जत्रा-सण, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी. आणि स्थानिक प्रशासनानं कळवलेली वीज, पाणी, आपत्ती आणि आरोग्याबद्दलची माहिती. ही यादी एखाद्या वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवा. पाणी कधी सुटणार, वीज किती वाजता जाणार, यात्रेच्या कुस्त्या कधी, जनावरांना लस द्यायला डॉक्टर कोणत्या दिवशी येणार. तिथल्या माणसांना सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हेच हवं असतं. शहरातलं वर्तमानपत्र ज्याला 'संक्षिप्त' या मथळ्याखाली पानाच्या कडेला ढकलतं, ते इथं पहिल्या पानाचं असतं. टॅगलाइननं सांगायचं ते हेच, आणि त्यासाठी 'बातमी' हा शब्द लागत नाही. कुणाचं, कुठलं आणि कुणाच्या तोंडून, एवढं सांगितलं की पुरतं.

सामुदायिक रेडिओच्या प्रक्षेपकाची प्रभावी शक्ती साधारण १०० वॉटपर्यंत मर्यादित असते आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपेक्षा उंच नेता येत नाही. सपाट मुलखात एवढ्यानं दहा ते पंधरा किलोमीटरपर्यंत आवाज नीट पोहोचतो. मध्ये डोंगर आला की त्याच्या पलीकडच्या वाड्या गप्प होतात. म्हणून 'जिल्ह्याचा बुलंद आवाज' अशी टॅगलाइन घेतलेलं केंद्र पहिल्याच वाक्यात खोटं बोलतं, आणि ज्या तालुक्यात ते ऐकूच येत नाही तिथली माणसं ते लक्षात ठेवतात. ही मर्यादा लपवण्याचं मला तरी काही कारण दिसत नाही. दहा-पंधरा किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे साधारण एका आठवडी बाजाराला येणाऱ्या गावांचं वर्तुळ. तिथं माणसं एकमेकांना नावानं ओळखतात, एकाच हेलात बोलतात, एकमेकांच्या घरी मुली देतात. एवढ्या जवळच्या माणसांशी बोलायला मिळणं हे मोठ्या वाहिन्यांच्या नशिबात नाही.

आता एक केंद्र डोळ्यांसमोर आणू. ते कल्पनेतलं आहे, पण मुलूख खरा आहे: माण, खटाव, आटपाडी या बाजूचा पर्जन्यछायेतला तालुका. मोठी गावं थोडी, वाड्या-वस्त्या फार. मेंढरं घेऊन चार-सहा महिने बाहेर असणारी धनगर कुटुंबं, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, आणि मागं राहिलेल्या बायका-म्हातारे. याच मुलखात म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' ९०.४ वर बोलते, त्यामुळे इथं असं केंद्र कसं चालतं हे पाहायला लांब जावं लागत नाही. आपल्या कल्पनेतल्या केंद्राच्या बैठकीत पहिलं वाक्य कायद्यात अडकलं. फळ्यावर आणखी पाच वाक्यं आली आहेत.

'सक्षम समाजासाठी सशक्त संवाद.' संस्थांच्या अहवालांतून आलेलं वाक्य. अर्थाबद्दल वाद नाही, पण कानानं ऐकून पाहा. चार शब्दांत सात वेळा 'स', 'श' किंवा 'क्ष' आहे. एफएमचा संकेत दुर्बळ झाला की जी खरखर ऐकू येते, तिचा जोर आवाजाच्या उंच पट्टीत असतो, आणि 'स', 'श' या व्यंजनांची ओळखही त्याच पट्टीत असते. वर्तुळाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला, म्हणजे ज्याला या रेडिओची गरज जास्त त्यालाच, हे वाक्य सिसकाऱ्यांच्या ढिगासारखं ऐकू येईल. शिवाय बरेच जण रेडिओ मोबाइलवर ऐकतात आणि तिथं हेडफोनची वायरच अँटेनाचं काम करते; वायर गुंडाळलेली असली की खरखर वाढते. 'म', 'न', 'ल', 'र', 'व' आणि लांब 'आ' असलेले शब्द अशा वेळी तग धरतात. छापील ब्रीदवाक्याला ही कसोटी नसते. आकाशवाणीचं 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' बोधचिन्हावर डोळ्यांनी वाचायचं आहे. टॅगलाइनला फक्त कान मिळतात.

'तुमचं बोला, आम्ही ऐकतो.' यातलं क्रियापद मला फार आवडलं. रेडिओनं ऐकतो म्हणणं ही मोठी गोष्ट आहे. पण 'तुम्ही' आणि 'आम्ही' म्हटल्याबरोबर मध्ये टेबल येतं. एका बाजूला अर्ज घेऊन आलेला माणूस, दुसऱ्या बाजूला तो घेणारा. मराठीला 'आपण' आहे, ज्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघंही बसतात, आणि सामुदायिक रेडिओला याहून नेमका शब्द सापडणार नाही. दुसरं म्हणजे, 'आम्ही ऐकतो' हे वचन पाळायला दिवसभर कुणीतरी फोन उचलणारं लागतं. केंद्रात दोन-तीनच माणसं असतील तर ते आठवड्यात मोडेल.

'बिनआवाजाच्यांचा आवाज.' हे वाक्य चांगल्या मनानं सुचवलं जातं आणि तरीही मी त्याला ठाम विरोध करीन. त्यासाठी तेलंगणातल्या झहीराबादजवळचं मचनूर पाहावं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी तिथं 'संगम रेडिओ' चालवला. युनेस्कोच्या मदतीनं स्टुडिओ उभा राहिला १९९८ मध्ये. परवाना मिळून प्रसारण सुरू झालं १५ ऑक्टोबर २००८ रोजी. मधली दहा वर्षं या बायका गप्प नव्हत्या. बियाणं, पिकं, गाणी, औषधी वनस्पती यांवर त्या कॅसेटी भरत होत्या आणि संघांच्या बैठकीत त्या ऐकवत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच, न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्या पीठावर होते त्या पीठाच्या निकालात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं होतं. तरी स्वयंसेवी संस्थांना अर्ज करता येईल असं धोरण यायला २००६ उजाडलं. आवाज होताच, अडलं होतं ते परवानगीपाशी. अशा माणसांना 'बिनआवाजाचे' म्हणणं म्हणजे त्यांच्या दहा वर्षांच्या बोलण्यावर बोळा फिरवणं.

'नव्या जमान्याची दवंडी.' हे वाक्य फळ्यावर आलं की बैठकीत मान डोलावणारे पुष्कळ असतात, कारण शब्द रांगडा आहे, जुना आहे, आणि 'बातमी'ची अडचणही सोडवतो. पण दवंडी कोण देत असे? बलुतेदारीत ते महाराच्या, तराळाच्या वाट्याचं काम होतं. आटपाडीचे शंकरराव खरात यांनी 'तराळ-अंतराळ' या आत्मचरित्रात तराळकीचं ते जगणं मांडलं आहे. दवंडी देणाऱ्याचा आवाज गावभर फिरे, मजकूर मात्र चावडीचा असे. त्याला स्वतःचं काही सांगायचं असलं तरी हलगी त्यासाठी वाजत नसे. याच मुलखात त्याच घरांतली माणसं आज श्रोते आहेत, आणि उद्या निवेदक व्हावीत अशी केंद्राची इच्छा आहे. त्यांच्या कानाला हा शब्द कसा लागेल ते विचारल्याशिवाय तो घेऊ नये, आणि विचारल्यावर बहुधा घेतला जाणार नाही. 

उरलं 'आपल्या गावातलं, आपल्याच तोंडून'. इथं पहिल्यांदा काहीतरी हाताला लागतं. 'आपल्या' दोनदा आलंय, 'तोंडून' मध्ये माणूस दिसतो, आणि 'बातमी' हा शब्द न वापरता बातमीचं सगळं वजन 'गावातलं' या एका शब्दावर आलंय. अडचण त्याच शब्दाची आहे. आपल्याकडं 'गाव' म्हणजे पुष्कळदा गावठाण. वस्तीवरचा माणूस 'गावात जाऊन येतो' म्हणतो, म्हणजे तो स्वतःला गावाबाहेर धरतो. आणि गावकुसाबाहेर ज्यांची घरं होती त्यांच्यासाठी हा शब्द आजही पुरता आपला झालेला नाही. मग 'वाडीतलं' घ्यावं? वस्त्यांना ते आवडेल, मोठ्या गावातला दुकानदार मात्र म्हणेल, आम्ही कुठं वाडीवर राहतो.

बैठकीत बसलेल्या एखाद्या बाईच्या तोंडून सहज यावा असा शब्द आहे 'शिवार'. शिवारात गावठाण, वाड्या, वस्त्या, ओढा, माळ, गायरान सगळं येतं. शेत ज्याच्या मालकीचं तोही शिवारात असतो आणि रोजानं खुरपायला जाणारीही. मेंढरं तिथंच चरतात. 'आपल्या शिवारातलं, आपल्याच तोंडून.' बोलताना उच्चार मोजले तर दहा भरतात, दोन-अडीच सेकंदांत सांगून होतं. पुढं-मागं केंद्राचं नाव आणि 'नव्वद पॉइंट चार' जोडलं तरी एका दमात बसतं. एक 'श' आहे, तो खरखरीत थोडा झिजेल, पण त्याच्या मागं 'वारात' हे दोन लांब 'आ' उभे आहेत, शब्द ओळखू येतो. हे वाक्य निर्दोष नाही. ज्या नव्या वसाहतीतल्या मुलांनी शेत जवळून पाहिलेलं नाही, त्यांना 'शिवार' आजीचा शब्द वाटेल. ती किंमत मी मोजीन.

फळ्यावर पसंत पडलेलं वाक्य हवेत जाण्याआधी तपासायला मोठा खर्च लागत नाही. तीन वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं. मग पिठाची गिरणी चालू असताना, एसटी स्टँडवर आणि पाण्याची मोटार सुरू असलेल्या विहिरीजवळ ते अनोळखी माणसाला एकदाच ऐकवायचं आणि विचारायचं, 'काय ऐकू आलं?' त्यानं अर्थ सांगितला तर पुरेसं नाही. त्यानं वाक्य परत म्हणून दाखवायला हवं. जिथं तो अडखळतो तिथं शब्द बदलायचा. पाच-सहा जणांनी 'तोंडून' ऐवजी 'तोंडानं' म्हटलं तर आपलं वाक्य बदलून त्यांचं घ्यायचं, कारण त्यांची जीभ त्या भागाची जीभ आहे. मार्गदर्शक तत्त्वंही कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत असं सांगतात. टॅगलाइन पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतल्या घोटीव आवाजात करून आणण्याचा मोह टाळावा. 'आपल्याच तोंडून' हे शब्द परक्या तोंडातून आले तर वाक्य तिथंच पडलं. मेंढका, शाळकरी मुलगी, आशाताई, गॅरेजवाला अशा दहा-बारा जणांनी म्हटलेली तीच टॅगलाइन आलटून पालटून वाजवावी. शब्द पक्के राहतात, आवाज फिरते राहतात. आणि तिच्या शेपटीला प्रायोजकाचं नाव कधीही चिकटवू नये. जाहिरातीसाठी तासातली ठरावीक मिनिटं असतात, ती तिथंच ठेवावीत. नाहीतर शिवार खताच्या दुकानाच्या नावानं ओळखलं जाऊ लागतं.

टॅगलाइननंतर लगेच काय ऐकू येतं यावर मात्र सगळं अवलंबून आहे. समजा महावितरणकडून उद्याच्या वीजबंदची सूचना आली आहे. एक पद्धत अशी: टॅगलाइन वाजते, मग निवेदिका कागद वाचते, 'देखभाल-दुरुस्तीच्या कारणास्तव उद्या सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत वीजपुरवठा खंडित राहील, ग्राहकांनी सहकार्य करावे.' माहिती बरोबर आहे, पण 'आपल्याच तोंडून' म्हणून झाल्यावर तोंड कार्यालयाचं निघालं. दुसरी पद्धत: टॅगलाइन, आणि तिला लागूनच गिरणीवाल्या मावशींचा फोनवरून घेतलेला आवाज. 'उद्या मंगळवारी दहापासून दोनपर्यंत लाइट नाही बरं का. ज्यांचं दळण राहिलंय त्यांनी आज सांजच्याला या, मी आठपर्यंत गिरणी चालू ठेवते.' मग निवेदिका कोणत्या कोणत्या वाड्यांची वीज जाणार ती नावं घेते आणि सूचना कुणाकडून आली ते सांगते. अर्ध्या-पाऊण मिनिटात काम होतं. वेळ तीच आहे, माहितीही प्रशासनानं दिलेलीच आहे, नियम मोडलेला नाही. पण ती कुणाच्या दळणाशी, कुणाच्या संध्याकाळशी जोडली गेली, आणि ज्या वाडीचं नाव रेडिओवर आलं तिथला माणूस हातातलं काम थांबवून ऐकतो. शेवटचं स्रोत सांगणं गाळायचं नाही. गावात अफवा रेडिओपेक्षा वेगानं पळते, आणि रेडिओनं एकदा चुकीची वेळ सांगितली तर टॅगलाइन कितीही गोड असली तरी पुढच्या वेळी माणसं वायरमनला फोन लावतात.

टॅगलाइन पोकळ होतेय हे केंद्राच्या नोंदवहीवरून आधी कळतं, श्रोत्यांच्या तक्रारीवरून उशिरा. एक आठवडा निवडायचा आणि दोनच गोष्टी मोजायच्या: एकूण प्रसारणापैकी किती मिनिटं केंद्राच्या पगारी माणसांखेरीज इतरांचा आवाज होता, आणि वर्तुळातल्या किती वाड्यांचं नाव त्या आठवड्यात एकदा तरी घेतलं गेलं. किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक सहभागातून तयार झालेला असावा असं नियमच सांगतो, त्यामुळे हा हिशेब काही जादा काम नाही. सुरुवातीला आकडे चांगले असतात. मग बाहेर जाऊन ध्वनिमुद्रण करणारी मुलगी लग्न होऊन जाते, गाडीच्या पेट्रोलचे पैसे थकतात, सरकारी योजनांचे तयार कार्यक्रम पेनड्राइव्हवरून येतात आणि सोपे पडतात, उरलेल्या वेळात सिनेमाची गाणी लागतात. टॅगलाइन मात्र दर तासाला तीच वाजत राहते. अशा वेळी काही केंद्रांना नवी टॅगलाइन करावीशी वाटते. ती करू नये. वाक्य बरोबर असतं. त्याच्या मागं यायला हवीत ती माणसं यायची थांबलेली असतात, आणि खर्च करायचाच तर पेट्रोलवर करावा.

प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं सामुदायिक रेडिओवर बंधनकारक आहे. तुम्ही अशा केंद्राच्या सल्लागार समितीत असाल तर पुढच्या बैठकीत मागच्या एका आठवड्याचं ध्वनिमुद्रण मागून घ्या, ऐका, आणि ज्या वाड्यांची नावं आली नाहीत त्यांची यादी टेबलावर ठेवा. तुम्ही नुसते श्रोते असाल आणि तुमची वाडी त्या यादीत असेल, तर केंद्राला फोन करा आणि तुमच्याकडं उद्या काय आहे ते सांगा.